बाण कोठून निघतो?



सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याने मंद्रूपकडे येताना रब्बीच्या दिवसांत ज्वारीच्या रानात करडईचे पाटे दिसतात. करडईची काढणी उरकली, बी घाण्यावर गेले आणि तेल घरात आले, म्हणजे आपल्या दृष्टीने त्या पिकाची गोष्ट संपली. आज मी ती गोष्ट तेथूनच पुढे चालू करणार आहे. हे तेल कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घालून घोटले, की काही वेळाने ते दाट होऊ लागते आणि त्याचा साबण होतो. बोटाला चिकटणारे, पाण्यात न मिसळणारे तेल आणि कातडी जाळणारा कॉस्टिक या दोघांपासून हात धुण्याजोगी वस्तू तयार होते. हे नेमके कसे घडते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

शाळेच्या पुस्तकात याचे उत्तर एका ओळीत दिलेले असते : तेल अधिक कॉस्टिक बरोबर साबण अधिक ग्लिसरीन. हे उत्तर खोटे नाही. परंतु एखाद्याने तुम्हांला सांगावे की, अमका गृहस्थ सकाळी मंद्रूपात होता आणि संध्याकाळी पंढरपुरात होता, तशातलेच ते आहे. तो कोणत्या रस्त्याने गेला, वाटेत कोठे थांबला, हे त्यातून कळत नाही. रासायनिक क्रियेच्या या मधल्या वाटेला रसायनशास्त्रज्ञ त्या क्रियेची 'यंत्रणा' म्हणतात, आणि ती वाट कागदावर दाखविण्यासाठी त्यांनी एक छोटेसे चिन्ह पत्करले आहे. ते चिन्ह म्हणजे वक्र बाण.

या बाणाचा जन्म १९२२ सालचा. रॉबर्ट रॉबिन्सन आणि विल्यम कर्मॅक या दोघा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात इलेक्ट्रॉनांचे स्थलांतर दाखविण्यासाठी वाकडे बाण काढले. रॉबिन्सनला पुढे १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कर्मॅकची कथा मात्र चटका लावणारी आहे. १९२४ साली एडिंबरो येथे कॉस्टिकच्याच एका अपघातात या तरुण माणसाची दृष्टी कायमची गेली. तरीही त्याने काम सोडले नाही. साथीच्या रोगांच्या गणितावर मॅकेंड्रिकसह त्याने १९२७ साली लिहिलेला निबंध आजही प्रमाण मानला जातो, आणि त्या निबंधात पडताळ्यासाठी घेतलेले आकडे आपल्या मुंबईच्या १९०५-०६ मधील प्लेगचे होते. कॉस्टिक हाताळताना डोळे जपा, हे सांगण्यास याहून वेगळा दाखला नको.

आता बाणाचा नियम सांगतो. तो एका वाक्यात मावतो : वक्र बाण इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीची वाटचाल दाखवितो, त्याची शेपटी ती जोडी आज जेथे आहे तेथे ठेवावयाची, आणि त्याचे टोक ती जोडी उद्या जेथे असणार तेथे न्यावयाचे. अणू कोठे गेला हे बाण सांगत नाही, विद्युत्भार कोठे गेला हेही सांगत नाही. तो फक्त जोडी सांगतो. आपल्याकडील व्यापाऱ्यांना हे लवकर समजेल. रक्कम नेहमी ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्याकडून निघते आणि ज्याला पैसा हवा आहे त्याच्याकडे जाते. ज्याची पेटी रिकामी आहे त्याच्याकडून रक्कम निघाली, असे कोणी वहीत लिहिले तर मुनीम ती वही परत फेकील. पुष्कळसे नवशिके विद्यार्थी नेमकी अशीच वही लिहितात.

इलेक्ट्रॉनांची जोडी दोन ठिकाणी सापडते. एक, दोन अणूंच्या मध्ये. तेव्हा तिला बंध म्हणतात आणि कागदावर ती एका रेघेने दाखवितात. दुसरे, एकाच अणूच्या अंगावर. तेव्हा तिला सुटी जोडी म्हणतात आणि ती दोन टिंबांनी दाखवितात. बाणाची शेपटी या दोहोंपैकी एका ठिकाणी असलीच पाहिजे. तिसरे ठिकाण नाही.

एवढी शिदोरी घेऊन आपण करडईच्या तेलाकडे वळू. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरीनचा आखूड कणा असतो आणि त्याला मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या जोडलेल्या असतात. साबण होताना हे तीन सांधे तुटतात. तीनही सांधे एकाच जातीचे असल्यामुळे आपण एकच पाहू. फळ्यावर तो असा लिहितात :

R–C(=O)–O–R′

येथे R म्हणजे मेदाम्लाची लांब शेपटी आणि R′ म्हणजे ग्लिसरीनचा कणा. मध्ये जो कार्बन आहे, त्याच्यावरच आजचे सारे नाट्य घडणार आहे. त्याच्या एका अंगाला दुहेरी बंधाने बांधलेला ऑक्सिजन आहे आणि दुसऱ्या अंगाला कण्याकडे जाणारा ऑक्सिजन आहे. ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉनांचा लोभी. दोन्ही बाजूंनी असे लोभी शेजारी लाभल्यामुळे मधल्या कार्बनजवळ इलेक्ट्रॉनांचा तुटवडा पडतो. तो घेणाऱ्याच्या भूमिकेत आहे.

देणारा कोण? कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळला की त्यातून सोडियम आणि हायड्रॉक्साइड असे दोन भारित घटक सुटे होतात. हायड्रॉक्साइड म्हणजे HO⁻. त्याच्या ऑक्सिजनवर तीन सुट्या जोड्या आहेत आणि एक ऋणभार आहे. येथे पेटी भरलेली आहे.

पहिली पायरी. हायड्रॉक्साइडच्या ऑक्सिजनवरील एका सुट्या जोडीपासून बाण काढा आणि त्याचे टोक मधल्या कार्बनावर आणा. म्हणजे या दोघांत नवा बंध होणार. परंतु येथेच थांबलात तर घात होईल. कार्बनभोवती चारच जोड्या मावतात आणि त्या चारही जागा आधीच भरलेल्या आहेत : दुहेरी बंधाच्या दोन, कण्याकडच्या ऑक्सिजनची एक आणि शेपटीची एक. पाचवा पाहुणा आला तर जुन्यांपैकी कोणीतरी उठले पाहिजे. म्हणून त्याच वेळी दुसरा बाण काढावयाचा. त्याची शेपटी दुहेरी बंधाच्या एका रेघेवर आणि टोक वरच्या ऑक्सिजनवर. ती जोडी आता ऑक्सिजनची सुटी जोडी झाली.

हिशेब जुळतो का, ते पाहू. सुट्या जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन ज्याच्या त्याच्या मालकीचे आणि बंधातल्या दोहोंपैकी एकच आपला, असे धरावयाचे. ऑक्सिजनच्या नावावर सहा असले म्हणजे तो निर्भार. हायड्रॉक्साइडच्या ऑक्सिजनजवळ आधी तीन सुट्या जोड्यांचे सहा आणि हायड्रोजनच्या बंधातला एक, असे सात होते. म्हणून त्याच्यावर एक ऋणभार होता. आता दोन सुट्या जोड्यांचे चार आणि दोन बंधांतले दोन, असे सहा झाले. तो निर्भार झाला. वरच्या ऑक्सिजनजवळ आधी चार आणि दोन मिळून सहा होते. आता सुट्या जोड्यांचे सहा आणि बंधातला एक असे सात झाले. ऋणभार त्याच्याकडे आला. पायरीच्या आधी एकूण भार उणे एक होता, नंतरही उणे एकच आहे. जमाखर्च मिळाला.

दुसरी पायरी. आता मधल्या कार्बनभोवती चार एकेरी बंध आहेत आणि हा मधला मुक्काम फार काळ टिकणारा नाही. वरच्या ऑक्सिजनवरची सुटी जोडी पुन्हा खाली उतरते. बाणाची शेपटी त्या जोडीवर आणि टोक ऑक्सिजन व कार्बन यांच्यामध्ये, म्हणजे दुहेरी बंध परत तयार होतो. पुन्हा पाचव्या पाहुण्याचा प्रश्न आला. या वेळी उठावयाचे ते कण्याकडच्या ऑक्सिजनने. म्हणून दुसऱ्या बाणाची शेपटी कार्बन आणि तो ऑक्सिजन यांच्यामधील रेघेवर ठेवून टोक त्या ऑक्सिजनवर न्यावयाचे. सांधा तुटला. एका बाजूला मेदाम्ल, R–COOH, आणि दुसऱ्या बाजूला जोडी घेऊन निघालेला कणा, R′–O⁻. कधी कधी कण्याऐवजी आलेला हायड्रॉक्साइडच परत बाहेर पडतो आणि तेल पुन्हा जसेच्या तसे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

तिसरी पायरी. मेदाम्ल आणि R′–O⁻ हे दोघे एकाच भांड्यात स्वस्थ बसूच शकत नाहीत. R′–O⁻ च्या सुट्या जोडीपासून आम्लाच्या हायड्रोजनकडे एक बाण. आणि त्या हायड्रोजनला आम्लाशी बांधणाऱ्या रेघेपासून आम्लाच्या ऑक्सिजनकडे दुसरा बाण. हायड्रोजन कण्याकडे गेला, ऋणभार मेदाम्लाकडे आला आणि R–COO⁻ तयार झाले. सोडियमसह तोच आपला साबण. कधी हा हायड्रोजन हायड्रॉक्साइडच नेतो, परंतु निष्पत्ती तीच. आधीच्या दोन पायऱ्यांवर जाणे-येणे चालू असते. या तिसऱ्या पायरीवरून परत येणे मात्र जवळजवळ अशक्य, कारण R–COO⁻ हा ऋणभार फार समाधानाने बाळगतो. साबण पुन्हा आपण होऊन तेल होत नाही, याचे कारण या पायरीत आहे.

आता चुकांकडे वळतो. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना त्याच त्या चार-पाच चुका मला पुनःपुन्हा आढळतात. त्यांतली पहिली तर मी स्वतः विद्यार्थिदशेत मनसोक्त केलेली आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

ती चूक म्हणजे बाण उलटा काढणे. तिसऱ्या पायरीत हायड्रोजन आम्लाकडून कण्याकडे जातो, असे मी आताच म्हणालो. हे ऐकून विद्यार्थी हायड्रोजनवर शेपटी ठेवतो आणि कण्याच्या ऑक्सिजनवर टोक आणतो. त्याचेही बरोबरच आहे, असे वरवर वाटते, कारण हायड्रोजन खरोखरच तिकडे जातो! परंतु बाण हायड्रोजनचा नाही, जोडीचा आहे. आणि हायड्रोजन तेथे जातो तो जोडीवाचून, रिकाम्या हाताने. मी अशी वही आमच्या गुरुजींपुढे ठेवली तेव्हा त्यांनी तांबड्या शाईने काहीच खोडले नाही. बाणाच्या शेपटीपाशी त्यांनी एवढेच लिहिले : "येथे काय आहे?" मी पाहिले, तर तेथे काहीच नव्हते. त्या दिवसापासून मी प्रत्येक बाणाच्या शेपटीला तोच प्रश्न विचारतो. उत्तर 'सुटी जोडी' किंवा 'बंध' असे आले तर बाण खरा. 'हायड्रोजन', 'धनभार' किंवा नुसते 'ऋणभाराचे चिन्ह' असे आले, तर बाण थांबवून पुन्हा पाहावे. शेवटच्या बाबतीत काहीजण सूट देतात, कारण ऋणभाराच्या चिन्हामागे बहुधा जोडी उभी असतेच. तरी नवशिक्याने ती सूट घेऊ नये.

दुसरी चूक पाच बंधांच्या कार्बनची. पहिल्या पायरीत हायड्रॉक्साइडचा बाण काढावयाचा आणि दुहेरी बंधाची जोडी वर ढकलावयास विसरावयाचे. हिची परीक्षा सोपी आहे. ज्या कार्बनावर बाणाचे टोक आले, त्याच्याभोवतीच्या रेघा बाण मारल्यानंतर मोजाव्या. पाच आल्या, तर एक बाण राहिला आहे. अशा वेळी विद्यार्थी पुष्कळदा कार्बनवर मनाने एखादा ऋणभार लिहून वेळ मारून नेतो. पण भार लिहून जागा वाढत नाही. पंगतीत चारच पाट असतील, तर पाचव्याला बसविण्यासाठी पाटावर आकडा लिहून भागत नाही.

तिसरी चूक भांड्यात काय आहे याचा विसर पडण्याची. दुसऱ्या पायरीत कण्याला बाहेर पडणे सोपे जावे म्हणून काही विद्यार्थी त्याला आधी H⁺ देतात. आम्लात चालणाऱ्या क्रियेत हे अगदी योग्य आहे. परंतु आपल्या भांड्यात कॉस्टिकचे दाट द्रावण आहे. तेथे मोकळा आम्ल-हायड्रोजन शोधूनही सापडावयाचा नाही. तो आलाच तर हायड्रॉक्साइड त्याला तत्काळ गिळून पाणी करून टाकील. अल्कलीच्या क्रियेत दाणगे धनभार दिसू लागले, किंवा आम्लाच्या क्रियेत HO⁻ हिंडू लागले, की समजावे, यंत्रणा दोन भांड्यांची सरमिसळ आहे.

चौथी चूक शेवटची पायरी गाळण्याची. मेदाम्ल आणि R′–O⁻ यांच्यावरच वही बंद करणारे बरेच आहेत. त्यांतला कोणी हुशार असेल तर तो पुढे म्हणेल की, R′–O⁻ पाण्याकडून हायड्रोजन घेईल, HO⁻ परत मिळेल, म्हणजे कॉस्टिक खर्चच होत नाही! मग चिमूटभर कॉस्टिकने हंडाभर तेलाचा साबण व्हावयास हवा. तसे होत नाही, हे साबण करणारा कोणीही सांगेल. का होत नाही, ते तिसरी पायरी सांगते : तयार झालेले प्रत्येक मेदाम्ल आपला हायड्रोजन देऊन एका हायड्रॉक्साइडचा हिशेब कायमचा चुकता करते. म्हणजे प्रत्येक सांध्याला एक हायड्रॉक्साइड, आणि तेलाच्या एका रेणूला तीन. आता वजनाने पाहा. करडईच्या तेलाचा रेणुभार सुमारे ८८० आणि कॉस्टिक सोड्याचा ४०. म्हणजे ८८० ग्रॅम तेलाला १२० ग्रॅम कॉस्टिक, किंवा एक किलो तेलाला सुमारे १३६ ग्रॅम. साबण करणारे याहून किंचित कमीच, १३० ग्रॅमच्या आसपास घेतात, म्हणजे साबणात मोकळा कॉस्टिक उरून हात भाजत नाहीत. (करडईचा साबण मऊ होतो. तो कडक व्हावा म्हणून बरोबर खोबरेल वगैरे घेतात, आणि तेल बदलले की आकडाही बदलतो.) तराजूतले हे १३६ ग्रॅम आणि फळ्यावरचे ते दोन बाण यांचा असा संबंध आहे.

येथवरच्या चुका वही पाहूनच पकडता येतात. आता सांगतो ती पाचवी चूक निराळ्या जातीची आहे, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. हिच्यात बाण नियमाप्रमाणे असतात, जमाखर्च मिळतो, तरीही यंत्रणा खोटी असते.

कल्पना करा, एका विद्यार्थ्याने हायड्रॉक्साइडचा बाण मधल्या कार्बनाकडे न नेता ऑक्सिजनच्या पलीकडे, कण्याच्या कार्बनाकडे नेला. आणि त्या कार्बनाचा ऑक्सिजनशी असलेला बंध तोडून ती जोडी ऑक्सिजनला दिली. शेपट्या योग्य ठिकाणी आहेत. कार्बनभोवती चारच बंध आहेत. एका बाजूला R–COO⁻ आणि दुसऱ्या बाजूला R′–OH, म्हणजे साबण आणि ग्लिसरीनच मिळाले! आता याला चूक कसे म्हणावे? दोन्ही वाटांनी माणूस पंढरपुरासच पोचतो.

फरक एवढाच की, ऑक्सिजनची अदलाबदल झाली. आपल्या वाटेने गेल्यास हायड्रॉक्साइडचा ऑक्सिजन साबणात जातो आणि ग्लिसरीनला त्याचा जुनाच ऑक्सिजन राहतो. त्या विद्यार्थ्याच्या वाटेने गेल्यास हायड्रॉक्साइडचा ऑक्सिजन ग्लिसरीनमध्ये जातो. म्हणजे ऑक्सिजनवर खूण करता आली, तर खरे-खोटे ठरेल. निसर्गाने ही सोय करून ठेवली आहे. नेहमीच्या ऑक्सिजनचा भार १६. पण त्यात अगदी थोडा १८ भाराचाही असतो. त्याचे रासायनिक वागणे तेच, केवळ वजन अधिक. १९३४ साली पोलान्यी आणि साबो यांनी केळ्यासारख्या वासाच्या अमाइल ॲसिटेट या द्रव्याचा सांधा अल्कलीने तोडला. तेलातला सांधा आणि त्यातला सांधा एकाच जातीचे. त्यासाठी त्यांनी या जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढविलेले पाणी घेतले होते. मग निघालेले अल्कोहोल तपासले. त्यात जड ऑक्सिजन आला नव्हता. म्हणजे बंध तुटला तो मधल्या कार्बनाच्या बाजूचा. त्या विद्यार्थ्याचे बाण नियमाला धरून होते, पण या द्रव्यांच्या बाबतीत ते खरे नव्हते.

अशीच आणखी एक फसवी वाट आहे. हायड्रॉक्साइड मधल्या कार्बनावर आला आणि त्याच क्षणी कण्याचा ऑक्सिजन निघून गेला. दुहेरी बंधाला हातही लागला नाही, मधला मुक्कामही झाला नाही. दोन पायऱ्यांचे काम एका दमात. बाणही कमी लागतात! हिचा निकाल १९५१ साली अमेरिकेत मायरन बेंडर याने लावला. त्याने खूण केली ती दुहेरी बंधाच्या ऑक्सिजनवर, आणि क्रिया अर्ध्यावर थांबवून न तुटलेले द्रव्य परत काढून तपासले. एका दमाची वाट खरी असती, तर न तुटलेल्या द्रव्यातली खूण शाबूत असावयास हवी होती. ती कमी झालेली आढळली. याचा उलगडा आपल्या मधल्या मुक्कामाने होतो. तेथे कार्बनवर वरचा जुना ऑक्सिजन आणि नवा आलेला ऑक्सिजन असे दोघे शेजारी असतात. त्यांच्यात हायड्रोजनची अदलाबदल झाली की जुना कोण आणि नवा कोण, हा भेद उरत नाही. मग परत फिरताना कधी नव्याऐवजी जुनाच बाहेर पडतो आणि खूण घेऊन जातो. मुक्काम होता, म्हणूनच हे घडू शकले.

यावरून बाणाची मर्यादाही ध्यानात येईल. बाण म्हणजे इलेक्ट्रॉनाचे छायाचित्र नव्हे. जोडी त्या वाकड्या रेघेवरून धावत जाते, असे कोणी समजू नये. क्रिया किती वेगाने होईल, हेही तो सांगत नाही. तो एक विधान करतो : हा बंध जुळला, हा तुटला, या क्रमाने. चुकीच्या जागी शेपटी ठेवलेला बाण विधानच करीत नाही, त्यामुळे त्याची परीक्षाही घेता येत नाही. योग्य रीतीने काढलेला बाण मात्र खोटा ठरू शकतो. आणि जे खोटे ठरू शकते तेच प्रयोगाला विचारता येते. पोलान्यी आणि बेंडर यांना काय तपासावयाचे हे कळले, ते दोन वाटा एकमेकींपासून निराळ्या काढता आल्या म्हणून.

शेवटी ही विद्या आपल्या घरी कशी आली, ते थोडक्यात सांगतो. रॉबिन्सन मँचेस्टरला असताना त्याच्या हाताखाली कृष्णस्वामी वेंकटरमण नावाचा एक भारतीय तरुण संशोधन करीत होता. परत आल्यावर लाहोरच्या महाविद्यालयात काम करीत असताना त्याने १९३३-३४ च्या सुमारास एक क्रिया प्रसिद्ध केली. इंग्लंडात विल्सन बेकर यालाही त्याच सुमारास ती स्वतंत्रपणे सापडली, म्हणून तिला बेकर-वेंकटरमण क्रिया म्हणतात. हेच वेंकटरमण पुढे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे संचालक झाले, आणि १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. रंगांच्या रसायनावरील त्यांचे ग्रंथ जगभर वापरले गेले.

त्यांच्या क्रियेत एका रेणूमध्ये ऑक्सिजनवर बसलेला एक गट उठून शेजारच्या कार्बनावर जाऊन बसतो, आणि त्यापासून पुढे फ्लेव्होन नावाची द्रव्ये करता येतात. फुला-पानांतल्या कित्येक पिवळ्या रंगांचे घराणे ते हेच. नवशिक्याला ही क्रिया दिली, की तो त्या गटाला शेपटी लावून गट उचलल्यासारखा बाण काढतो. आता त्याला विचारा, शेपटीपाशी काय आहे? काहीच नाही. जोडी आहे ती पलीकडे. अल्कलीने शेजारच्या कार्बनावरचा एक हायड्रोजन काढून घेतला, की त्याची जोडी मागे राहते. ती जोडी त्या गटातल्या दुहेरी बंधाच्या कार्बनावर येते. दुहेरी बंधाची जोडी वर ऑक्सिजनवर जाते, क्षणभर सहा अणूंचे कडे होते, मग ती जोडी खाली उतरते आणि जुना ऑक्सिजन आपली जोडी घेऊन सुटतो. गट उठून गेला नाही. त्याला नव्या जागेवरून ओढून घेतले आणि जुन्या जागेने सोडले.

आपल्या लक्षात आलेच असेल, हे आपल्या साबणाचेच बाण आहेत. तेथे देणारा हायड्रॉक्साइडचा ऑक्सिजन होता, येथे कार्बन आहे. तेथे कणा सुटला, येथे त्याच रेणूचे दुसरे टोक सुटले. घाण्यावरच्या तेलात जी वाट दिसली, तीच फुलाच्या पिवळ्या रंगापर्यंत घेऊन गेली.

घरी गेल्यावर कोणाच्या मुलाची रसायनाची वही हाती आली, तर त्यातला एक बाण निवडा आणि त्याच्या शेपटीपाशी बोट ठेवून एवढेच विचारा : येथे काय आहे? पुढचे त्याचे त्याला सापडेल.